बारशाचे फोटो, चित्रकथेचं पान

हल्ली बारशाला घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर मिळून दोन-अडीचशे फोटो सहज निघतात. त्यांची चित्रकथा करायची म्हटली की बहुतेक जण कार्टून फिल्टर लावतात, फोटो चौकटींत बसवतात आणि वर फुगे चिकटवतात. पान तयार होतं, पण पहिल्या चौकटीतली आत्या तिसऱ्या चौकटीत ओळखू येत नाही. फिल्टर फक्त कडा ठळक करतो आणि रंगांच्या छटा कमी करतो. फ्लॅशमध्ये गुलाबी आलेली साडी पिवळ्या दिव्याखाली भगवी आली असेल, तर चित्रात त्या दोन वेगळ्या साड्याच होतात.

म्हणून आधी गोष्ट ठरवावी. बाळाचं नाव आत्यानं गुप्त ठेवलंय आणि आजीला ते आधीच काढून घ्यायचंय, एवढी गोष्ट सहा चौकटींना पुरते. मग त्या गोष्टीला लागणारेच फोटो निवडायचे. पाळण्यामागे ओळीनं उभे राहून काढलेले फोटो इथे उपयोगाचे नाहीत, कारण त्यांत सगळे कॅमेऱ्याकडे बघतात आणि चित्रकथेत अशी माणसं एकमेकांशी न बोलता वाचकाशी बोलत असल्यासारखी वाटतात. आजी आत्याच्या दंडाला धरून काही विचारतेय, असा थोडा हललेला फोटोही चालेल, कारण आपण तो तसाही गिरवणार असतो.

गिरवण्याआधी प्रत्येक पात्राचा एक तक्ता करावा. त्यात समोरून, तिरका आणि बाजूनं असा तीनदा चेहरा काढायचा आणि कधीच बदलणार नाहीत अशा दोन-तीन खुणा ठरवायच्या. आत्याला आखूड केस, गोल चष्मा आणि गुलाबी साडी दिली, तर त्या गुलाबीचा कोडही लिहून ठेवायचा, समजा #C2185B. पुढे फोटोत रंग काहीही दिसो, पानावर हाच भरायचा. एका फोटोत तिनं चष्मा काढला असेल, तरी चित्रात तो हवाच. साडीवरची बारीक नक्षी मात्र सोडून द्यावी. ती दर चौकटीत सारखी काढता येत नाही. सपाट रंग आणि काठ पुरेसे होतात. हे सगळं क्रिटा किंवा गिंपसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये, फोटो खालच्या थरावर आणि रेषा वरच्या थरावर ठेवून करता येतं.

खोलीच्या दोन्ही बाजूंनी फोटो निघालेले असतात, त्यामुळे एका चौकटीत आत्या पाळण्याच्या डावीकडे असते आणि पुढच्या चौकटीत उजवीकडे जाते. सरळ उपाय म्हणून फोटो आरशासारखा उलटवला, की डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर येतो आणि मागच्या सजावटीवरची अक्षरं उलटी होतात. उलटवायचाच असेल, तर गिरवताना या दोन गोष्टी आधी सुधाराव्यात.

नेमका मोक्याचा क्षण बहुधा फोटोत नसतोच. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तेव्हा सगळ्या मोबाइलना तिची पाठ दिसते. ती चौकट मनानं काढावी लागते. यात काही गैर नाही. दिदिए लफेव्र या फ्रेंच छायाचित्रकारानं 1986 मध्ये डॉक्टरांच्या पथकासोबत अफगाणिस्तानात फोटो काढले होते. त्यांवर इमॅन्युएल गिबेर यांनी ‘ल फोतोग्राफ’ ही चित्रकथा रचली, तेव्हा फोटो नव्हते तिथे चित्रं काढून प्रवास पुरा केला.

फुगे मात्र चित्राच्या आधी आखावेत. मोबाइलचे फोटो डोक्याला घासून कापलेले असतात, म्हणून वर भिंत वाढवून जागा करावी लागते. आपण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचतो. आजी उजवीकडे उभी असून पहिलं बोलणार असेल, तर तिचा फुगा आत्याच्या फुग्यापेक्षा स्पष्ट वर हवा. ‘सांग ना गं, एकच अक्षर सांग!’ आणि त्याखाली ‘थांब गं आई, बारा वाजू देत.’ फुग्याचं शेपूट तोंडाकडे वळलेलं असावं. कानातल्या ‘कुर्रर्र’ला तुटक रेषेचा फुगा, आणि मागून आत्याच्या पाठीत बसणाऱ्या धपाट्यांना फुगाच नको, ‘धप्प! धप्प!’ हे चित्रातच मोठ्या अक्षरांत लिहावं.

देवनागरीला ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकली, की वाचणारा अडखळतो. अक्षराच्या उंचीच्या दीडपट अंतर ठेवलं तर हे टळतं. शब्द मधेच तोडण्यापेक्षा फुगा रुंद करावा, आणि वाक्य दहा-बारा शब्दांपुढे गेलं तर त्याचे दोन फुगे करावेत.

पान झालं की फुगे झाकून बारशाला न आलेल्या कुणाला तरी दाखवा. कोण कोण आहे आणि काय चाललंय, हे त्याला सांगता आलं, तर पात्रं जमली आहेत. मग फुगे उघडा आणि छापण्याआधी ते पान आजीला आणि आत्याला वाचायला द्या. तोंडं त्यांची आहेत आणि वाक्यं तुमची, तेव्हा त्यांना न पटलेला फुगा बदला.