अंड्याच्या आतला साल्मोनेला

२०१० साली अमेरिकेत आयोवा राज्यातून गेलेली ५० कोटींहून अधिक अंडी साल्मोनेलामुळे परत मागवावी लागली. कवच स्वच्छ, अखंड असलेलं अंडंही धोक्याचं असू शकतं. हा जीवाणू कोंबडीच्या अंडाशयात राहतो आणि कवच तयार होण्याआधीच आत शिरतो. अंडं धुऊन तो जात नाही; बलक घट्ट होईपर्यंत शिजवल्यावर मरतो. कच्च्या चिकनचं पाणी लागलेल्या सुरीने काकडी चिरली, तरी तो पोटात पोचतो.

समजा, शनिवारी रात्री कच्च्या अंड्याचं मेयोनीज खाल्लं. बहुधा रविवारी किंवा सोमवारी ताप, मुरडा आणि जुलाब सुरू होतात. बहुतेक जण चार ते सात दिवसांत अँटिबायोटिकशिवाय बरे होतात. तोवर ओआरएस घोट घोट पाजत राहायचं.

तेही उलटून पडत असेल, आठ तास लघवी झाली नसेल, डोळे खोल गेले असतील किंवा गुंगी येत असेल, तर सलाईनसाठी रुग्णालय गाठावं.

जुलाब ओसरूनही ताप हटत नसेल, हुडहुडी भरत असेल, तर जंतू रक्तात उतरल्याची शंका घ्यावी. तान्ही बाळं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांत हे अधिक घडतं. ब्लड कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागू शकतात, म्हणून प्रकृती गंभीर असेल तर डॉक्टर रक्ताचा नमुना घेताच शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात.