फोटोतली गळ्यातली पट्टी काढा, पण शर्टाची घडी जपा

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे फोटो-बॅनरचं दुकान टाकायचं असेल, तर एक काम हमखास येणार. साहेबांचा किंवा काकांचा एकच चांगला फोटो असतो, तोही स्टेजवर भाषण करतानाचा. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, कॉलरला छोटा माइक. गिऱ्हाईक म्हणतं, "तेवढं काढून द्या ना."

पट्टी काढणं सोपं आहे. अवघड आहे तो खालचा शर्ट. रेवदंड्याच्या बाजूच्या एका दिवंगत काकांचा असाच फोटो फ्रेमसाठी आला होता. फिकट निळा सुती हाफ शर्ट, खिशात पेन आणि छातीवर इंग्रजी व्हीसारखी लाल पट्टी. असा फोटो घरात वर्षानुवर्षं भिंतीवर राहतो आणि घरच्यांना तो शर्ट पाठ असतो. छातीवर जरा डाग दिसला तरी नजर तिथेच जाते.

म्हणून माउसला हात लावण्याआधी दोन मिनिटं नुसत्या घड्या बघा. शर्टावर घड्या दोन प्रकारच्या असतात. काही अंगामुळे पडतात: खांद्यातून, काखेतून, ताणलेल्या बटणापासून निघतात. त्या पट्टीच्या एका बाजूने आत जातात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येतात. काही घड्या पट्टीमुळेच पडतात. कार्डाच्या वजनाने पट्टी ताणते, कापड दाबते आणि कडेला बारीक चुण्या पडतात. त्या पट्टीपाशीच सुरू होतात आणि थोड्या अंतरावर विरतात. नियम एवढाच: अंगामुळे पडलेली घडी राहिली पाहिजे, पट्टीमुळे पडलेली पट्टीबरोबर गेली पाहिजे. पट्टीची सावलीही जायला हवी, ती उजेडाच्या विरुद्ध बाजूला असते. नुसती लाल पट्टी पुसली, तर छातीवर व्हीच्या आकाराचा खळगा उरतो.

आता काकांचा फोटो घेऊ. फोटोशॉपमध्ये एक रिकामा लेयर घ्या, म्हणजे मूळ फोटो शाबूत राहतो. Clone Stamp निवडून वर Sample: Current & Below आणि Aligned चालू ठेवा.

आधी ठाम रेषा जोडा: कॉलरची कड, बटणपट्टी, खिशाची कड. यासाठी ब्रशची Hardness ७०-८० टक्के ठेवा, नाहीतर शिवण धूसर होते. या रेषा वाकड्या झाल्या तर पुढचं सगळं फुकट.

मग अंगाच्या घड्या. पट्टीच्या वर जिथे घडी दिसते, तिथे Alt दाबून क्लिक करा आणि घडीच्याच दिशेने पट्टीच्या मध्यापर्यंत रंगवा. उरलेला अर्धा भाग खालच्या बाजूने नमुना घेऊन भरा. दोन्हीकडून आलं की उजेड-सावली मध्ये जुळते. इथे ब्रश मऊ हवा.

घड्यांच्या मधलं सपाट कापड शेवटी. तिथे Healing Brush चालेल. पण हा ब्रश आजूबाजूचा रंग ओढून मिसळतो, त्यामुळे उरलेल्या लाल कडेला लागला की गुलाबी डाग पडतो. म्हणून कडेजवळ Clone Stamp, मोकळ्या जागेत Healing Brush.

कॉलर एका बाजूने पूर्ण झाकली असेल, तर दुसरी बाजू उलटी करून लावायचा मोह होतो. तेवढी कॉलर चालते, पण तिच्यावरचा उजेडही उलटतो, तो दुरुस्त करावा लागतो. अख्खी छाती मात्र उलटवू नका. पुरुषांच्या शर्टात खिसा सहसा घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो आणि डावी बटणपट्टी वर येते. खिसा उजवीकडे गेला की फोटो खोटा झाला.

कॉलर माइकची गंमत वेगळी. क्लिपने बटणपट्टी थोडी ओढली जाते. माइक काढून ती ओढ तशीच ठेवली, तर कापड कशाने ओढलंय ते कळत नाही. म्हणून कड हलकी सरळ करा आणि वायर खाली कुठवर जाते तेही बघा. हातातला माइक हनुवटी किंवा ओठ झाकत असेल, तर काम घेऊ नका. तिथला चेहरा आपण बनवू, तो काकांचा नसेल.

झाल्यावर तपासणी. फोटो लहान करून बघा. Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal करा, उलट्या फोटोत चूक पटकन डोळ्यात भरते. मग वर एक Curves लेयर टाकून कॉन्ट्रास्ट खूप वाढवा. डाग आणि एकाच सुरकुतीच्या दोन नकला लगेच उघड्या पडतात. बघून झालं की उलटवलेला फोटो सरळ करा आणि तो लेयर काढून टाका.

दर ठरवताना पट्टीची लांबी मोजू नका, तिच्याखाली काय आहे ते बघा. सपाट कापड असेल तर काम लवकर होतं, कॉलर आणि बटणपट्टी असेल तर वेळ जातो, चौकडीचा शर्ट असेल तर सगळ्यात जास्त, कारण प्रत्येक रेघ जुळवावी लागते. फोटो बातमीसाठी किंवा सरकारी अर्जासाठी हवा असेल, तर मात्र सरळ नाही म्हणा. तिथे फोटो आहे तसाच लागतो.