बोट फोनवर, सही बँकेकडे

ऑक्टोबर 2025पासून यूपीआयवर पिन न टाकता बोट टेकवून किंवा चेहरा दाखवून पैसे देण्याची सोय झाली. तेव्हापासून अनेकांना धास्ती आहे, की आपला ठसा बँकेत जमा होत असणार. तो होत नाही. ठसा फोनच्या बाहेर पाऊलही टाकत नाही.

ॲपमध्ये ही सोय सुरू करता तेव्हा फोनच्या आत दोन किल्ल्यांची जोडी तयार होते. किल्ली म्हणजे अर्थात एक प्रचंड मोठी संख्या. खासगी किल्ली प्रोसेसरच्या बंदिस्त, सुरक्षित भागात राहते. ॲपलाही ती वाचता येत नाही. तिची जोडीदार, सार्वजनिक किल्ली, बँकेच्या बाजूला नोंदवली जाते.

समजा, किराणा दुकानात 340 रुपये द्यायचे आहेत. रक्कम, दुकानदाराची ओळख, व्यवहाराचा क्रमांक असा तपशील तयार होतो. तुम्ही बोट टेकवता. सुरक्षित भाग ते आधी साठवलेल्या नमुन्याशी ताडून पाहतो. हा नमुना म्हणजे बोटाचा फोटो नव्हे, तर रेषांच्या वैशिष्ट्यांची आकड्यांत केलेली नोंद. जुळलं, तरच खासगी किल्ली त्या तपशिलावर डिजिटल सही करते. बाहेर जाते ती ही सही. बँक सार्वजनिक किल्लीने ती तपासते. वाटेत कुणी 340चे 3,400 केले, तर सही जुळणार नाही. सही चोरूनही उपयोग नाही, कारण ती त्या एकाच व्यवहाराची असते.

गावातल्या बँक मित्राच्या मशीनवर आधारने पैसे काढताना मात्र वेगळं घडतं. तिथे ठशाची माहिती कूटबद्ध होऊन पडताळणीसाठी आधारच्या यंत्रणेकडे जाते. लोकांची गल्लत इथेच होते, आणि ती स्वाभाविक आहे.

काही अँड्रॉइड फोन चेहरा पाहून उघडतात, पण पैसे देताना बोटच मागतात. तो बिघाड नाही. साध्या सेल्फी कॅमेऱ्याला चेहऱ्याची खोली मोजता येत नाही, छापील फोटोही त्याला फसवू शकतो. म्हणून अशा ओळखीवर ही किल्ली उघडू दिली जात नाही.

खरी कच्ची बाजू फोनच्या लॉकचा पिन आहे. तो ठाऊक असलेला माणूस आपलं बोट नोंदवू शकतो. यावर तोड म्हणून नवं बोट नोंदवलं की जुनी किल्ली कायमची निकामी होईल, अशी व्यवस्था अँड्रॉइडमध्ये असते, आणि पैशांच्या ॲपने ती वापरायलाच हवी. तेव्हा काहीही न बदलता तुमचं ॲप अचानक ठसा नाकारून यूपीआय पिन मागू लागलं, तर सेटिंगमधली बोटांची यादी लगेच पाहा. घरच्यांची बोटं सोयीसाठी नोंदवली असतील, तर तीही काढून टाका. बोट कुणाचं, हे ॲपला कळत नाही. नोंदवलेल्यांपैकी एक जुळलं, एवढंच कळतं.