दोघांपुरती बोली

रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामाया मंदिराच्या परिसरात, मराठी आणि छत्तीसगढी कानांवर शेजारी शेजारी पडतात. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता या मुलखात आली आणि तिच्या पाठोपाठ मराठी घरेही आली. अशाच एका घरातील मराठी पती आणि छत्तीसगढी पत्नी यांचा संसार डोळ्यांपुढे आणावा.

लग्नानंतरच्या एका संध्याकाळी ती त्याला म्हणते, “चला, गोठियाबो.” गोठियाना म्हणजे गप्पा मारणे, आणि गोठ म्हणजे गोष्ट. पण त्याला ऐकू येतो तो आपला गोठा! “आपल्याकडे गाय कुठे आहे?” असे तो विचारतो आणि दोघेही हसत सुटतात. त्या दिवसापासून जेवणानंतर ओसरीवर बसणे म्हणजे ‘गोठ्यात बसणे’ असे ठरून जाते.

गंमत अशी, की ही चूक तितकीशी चूक नव्हे. संस्कृतातील ‘गोष्ठ’ म्हणजे गाईंचे स्थान. त्यावरून ‘गोष्ठी’, म्हणजे एकत्र बसणे आणि बोलणे. मराठी गोठा, मराठी गोष्ट आणि छत्तीसगढी गोठ हे तिन्ही शब्द त्याच कुळातले.

असे शब्द अनेक जन्मतात, पण टिकतात थोडे. टिकणाऱ्या शब्दाला पहिला आधार असतो तो प्रसंगाचा. शब्द उच्चारताच ती संध्याकाळ परत येते. दुसरा आधार नित्याच्या वेळेचा. रोज ओसरीवर बसणे होते, म्हणून शब्दही रोज लागतो. तिसरा आधार उणिवेचा. मराठी पुरुषाला ‘प्रेम’ हा शब्द तोंडी घेताना पुस्तकी वाटतो, आणि ‘माया’ म्हटली की आईची आठवण होते. छत्तीसगढीतील ‘मया’ मात्र प्रियजनांच्या प्रेमालाही चालते. म्हणून संकोच न वाटता त्याला तो शब्द उच्चारता येतो.

शब्द रुजल्याची खूण व्याकरणात दिसते. तो “आज गोठियायचं ना?” असे विचारू लागला, की छत्तीसगढी धातूला मराठी प्रत्यय लागला आणि पाहुणा घरचा झाला.

१९८१ मध्ये हॉपर, नॅप आणि स्कॉट या अमेरिकन अभ्यासकांनी जोडप्यांच्या खाजगी शब्दांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना लाडाच्या नावांबरोबर थट्टेचे आणि कानउघाडणीचे शब्दही आढळले. परंतु थट्टेला मर्यादा आहे. तिच्या उच्चाराची चारचौघांत नक्कल झाली, तर ती तो शब्द पुन्हा उच्चारीत नाही. आणि एकानेच वापरलेला शब्द फार दिवस जगत नाही.

भांडणानंतर अबोला असतो. रात्री ती ओसरीवर येऊन एवढेच विचारते, “गोठ्यात यायचं का?” क्षमा मागावी लागत नाही, आणि तो उठून येतो.