‘पेंडिंग’मध्ये अडकलेली माणसं

पावसाळा तोंडावर आला की फेसबुकवरच्या बागकामाच्या ग्रुपमध्ये शिरायला झुंबड उडते. मोगरा लावायचाय अशी माणसं येतात आणि त्यांच्या आडून ‘घरबसल्या कमवा’वालेही येतात. अ‍ॅडमिन एकेक प्रोफाइल चाळत बसला की रिक्वेस्ट साचतात. कंटाळून सगळ्यांना एकदम घेतलं की दोन दिवसांत ग्रुपवर कर्जाच्या जाहिराती झळकू लागतात.

खरं तर प्रोफाइलवरून फारसं कळत नाही. स्वतःचा फोटो नाही, मित्र दिसत नाहीत, म्हणजे खातं फेक, असं सर्रास धरलं जातं. पण २०२० मध्ये फेसबुकने भारतात प्रोफाइल लॉक करायची सोय दिली, तीच मुळी बायकांची सुरक्षितता डोळ्यांसमोर ठेवून. त्यामुळे गुलाबाचा फोटो लावलेलं कुलूपबंद खातं एखाद्या काकूंचं असू शकतं आणि दहा वर्षं जुनं, भरलेलं खातं कुणीतरी हॅक केलेलं. आडनाव बघून ठरवणारेही असतात; त्यांना अ‍ॅडमिन करूच नये.

भरवसा ठेवावा तो उत्तरांवर. जॉइन होताना तीन प्रश्न विचारायची मुभा असते. ‘ग्रुपमध्ये का यायचंय?’ या प्रश्नाला सगळेच ‘आवड आहे’ लिहितात, त्यातून काही हाती लागत नाही. त्याऐवजी ‘सध्या घरी कोणतं झाड आहे आणि ते कसं आहे?’ असं विचारून बघा. समजा, कुलूपबंद खात्यावरून उत्तर आलं, ‘मोगऱ्याला कळ्या येतात, पण गळून पडतात.’ लगेच घ्यावं. भरलेल्या खात्यावरून नुसतं ‘यस, इंटरेस्टेड’ आलं, तर थांबावं. ‘अजून काहीच नाही, शिकायचंय’ हेही चांगलंच उत्तर. जीवामृतात गूळ किती, असली परीक्षा मात्र घेऊ नये. नवशिक्यांसाठीच तर ग्रुप असतो.

उत्तर कोरं असेल तर घाई नको. मोबाइलवर प्रश्नांची चौकट बरेच जण न वाचताच बंद करतात. कोरी रिक्वेस्ट आपोआप नाकारायची सोय फेसबुकने दिली आहे, पण मी ती वापरणार नाही. दोन-तीन दिवस वाट पाहून नाकारावं, ब्लॉक मात्र करू नये. म्हणजे त्या माणसाला पुन्हा विचारता येतं. ‘उत्तरं लिहिल्याशिवाय प्रवेश नाही’ हे ग्रुपच्या माहितीत ठळक लिहावं, ती बाहेरच्यांनाही दिसते. ब्लॉक राखून ठेवावा तो पाच मिनिटांत चार खात्यांवरून शब्दशः एकच उत्तर आलं तर.

उरला वेगाचा प्रश्न. दोन अ‍ॅडमिननी सकाळ-रात्र वाटून घ्यावी, जुनी रिक्वेस्ट आधी बघावी, अडलेली दुसऱ्याकडे सोपवावी. कुणी कुणाला घेतलं, कुणाला नाकारलं याची नोंद अ‍ॅक्टिव्हिटी लॉगमध्ये राहते. ‘माझ्या वहिनीला का नाही घेतलं?’ असा फोन आला, तर आधी ती उघडावी. बहुतेक वेळा वहिनींनी प्रश्नच पाहिलेले नसतात.