पल्ला बसेना, किल्ली फिरेना

लोखंडी कपाटाचे कुलूप लागेनासे झाले की पहिला संशय किल्लीवर जातो आणि घरात असेल ते तेल कुलपात ओतले जाते. बिघाड मात्र बहुतेक वेळा कुलपाच्या बाहेर असतो: कपाटाच्या पायाखाली, बिजागरीत किंवा मुठीमागच्या दांड्यात. कुलूप बंद होणे ही या साखळीतली शेवटची पायरी. आधीची एखादी पायरी अडली की तक्रार कुलपाच्या नावावर चढते.

घराघरांत दिसणारे नेहमीचे कपाट साधारण साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फुटाहून थोडे अधिक खोल असते. पत्रा मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ. दोन पल्ल्यांपैकी बिनमुठीचा पल्ला आधी लावायचा आणि मुठीच्या पल्ल्याची कड त्याच्यावर येऊन बसते. मूठ ज्या चौकोनी दांडीवर बसलेली असते तिच्या मागच्या टोकाला एक चकती असते आणि चकतीला दोन लांब दांडे जोडलेले असतात. मूठ फिरवली की एक दांडा वर सरकून चौकटीच्या वरच्या पट्टीत शिरतो, दुसरा खाली. बहुतेक कपाटांत एक आखूड खिट्टीही आडवी सरकून दुसऱ्या पल्ल्याच्या कडेमागे जाते. किल्ली या दांड्यांना हात लावत नाही. तिचे काम एवढेच, की चकती पूर्ण फिरल्यावर तिला परत फिरू न देणे. म्हणून दांडा शेवटच्या दोन मिलिमीटरांसाठी जरी अडला, तरी चकती जागेवर येत नाही आणि चांगले कुलूपही लागत नाही.

दोष कुठे आहे हे ठरवण्यासाठी मुठीचा पल्ला उघडा ठेवून मूठ बंद स्थितीपर्यंत फिरवावी आणि किल्ली लावून पाहावी. उघड्या पल्ल्यावर दांडे पूर्ण बाहेर येत असतील आणि किल्ली सहज फिरत असेल, तर कुलूप आणि दांडे दोन्ही निर्दोष आहेत. पल्ला आणि चौकट यांचा मेळ बिघडला आहे. उघड्या पल्ल्यावरही मूठ अडत असेल, तर दोष दांड्यांत किंवा चकतीत. मूठ पूर्ण फिरते पण किल्ली फिरत नाही, असे झाले तरच संशय कुलपावर घ्यावा. ही चाचणी झाल्यावर दांडे आत घ्यायला विसरू नये. बाहेर आलेल्या दांड्यांसकट पल्ला आदळला, तर त्यांची टोके वाकतात आणि एका दुखण्याची दोन होतात.

मेळ बिघडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण जमीन हे आहे. कपाट म्हणजे समोरून उघडी असलेली पत्र्याची पेटी. बाकीच्या पाच बाजू आपापल्या जागी ताठ असल्या, तरी समोरची बाजू मोकळी असल्यामुळे पेटीला पीळ सहज बसतो. पुढचा एक पाय खोलगट लादीवर आला किंवा लादी पुसतानाच्या पाण्याने गंजून खचला, की दाराची आयताकृती चौकट किंचित तिरपी होते. त्या बाजूचा पल्ला चौकटीबरोबर खाली येतो. गंमत अशी, की पाय जेवढा खाली जातो त्याच्या जवळजवळ दुप्पट फरक दोन पल्ल्यांच्या वरच्या कडांमध्ये दिसतो, कारण एका बाजूने चौकट खाली जाते आणि त्याच वेळी तिचे उभे खांबही कलतात. घर बदलल्यावर ‘कपाट टेम्पोत बिघडले’ असे म्हणतात, त्यातली बरीच कपाटे बिघडलेली नसतात. जुन्या घरात ती सपाट जमिनीवर उभी होती, नव्या घरात बाल्कनीच्या उतारावर उभी आहेत, एवढाच फरक.

एक उदाहरण घेऊन पाहता येईल. कपाटाची मूठ उजव्या पल्ल्याला आहे. दोन्ही पल्ले लोटल्यावर उजव्याची वरची कड डावीपेक्षा ४ मिलिमीटर खाली दिसते. दोघांमधली उभी फट मात्र वरपासून खालपर्यंत सारखी आहे. उजव्या पल्ल्याचा खालचा आतला कोपरा चौकटीवर घासतो, वरचा कोपरा थोडा पुढे राहतो आणि हाताने दाबल्याशिवाय आत जात नाही. ही सगळी लक्षणे पिळाची आहेत आणि उजवा पुढचा पाय खाली गेल्याचे सांगतात. तो सुमारे २ मिलिमीटर उचलायचा आहे. सनमायकाचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा असतो, त्यामुळे त्याचे दोन तुकडे पुरतात. पुठ्ठ्याची घडी घालू नये. ती वजनाने दबते आणि पुसायच्या पाण्याने आठवड्यात लगदा होते. पाय अधांतरी असेल, तर तो टेकेपर्यंतची पोकळी आधी भरावी लागते आणि २ मिलिमीटर त्यापुढे मोजायचे. कपाट उचलण्याआधी वरचे कप्पे रिकामे करावेत, पल्ले बंद ठेवून दोर बांधावा आणि एकाने कपाट मागे रेलून धरावे. दोन्ही पल्ले उघडे असलेले भरलेले कपाट पुढे झुकायला फार जोर लागत नाही. एकेक तुकडा सरकवून पल्ले तपासत गेले, की वरच्या कडा एका ओळीत येताना दिसतात. तुकडा जास्त झाला तर उजवा पल्ला वर जातो, म्हणजे दुरुस्तीचा पुरावाही समोरच असतो.

उभी फट सारखी नसेल, तर प्रकरण बिजागरीचे. पल्ल्याची वरची बिजागरी उघडली की पल्ला नाकावर झुकतो: दोन पल्ल्यांमधली फट वर चेपलेली आणि खाली रुंद दिसते, बिजागरीच्या बाजूला नेमके उलटे. खात्री करण्यासाठी पल्ला अर्धा उघडून त्याची मोकळी कड खालून धरून उचलावी. पल्ला बिजागरीतच वरखाली हलला, तर आतली पिन झिजली आहे. बिजागरी स्थिर राहून तिच्या आजूबाजूचा पत्रा आतबाहेर होत असेल, तर वेल्डिंगचा टाका सुटला आहे किंवा पत्रा वाकला आहे. यामागची कारणे घरगुतीच असतात. पल्ल्यावर लटकवलेल्या पिशव्या, पल्ला भिंतीपर्यंत उघडून त्यावर दिलेला जोर, बिजागरीच्या फटीत अडकलेला हँगर. आरशाचाही हिशेब धरायला हवा: ४ मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला १० किलो भरते, म्हणजे साडेचार फूट उंच आणि सव्वा फूट रुंद आरसा पल्ल्यावर पाच किलोंचे कायमचे ओझे असतो.

किंचित वाकलेली बिजागरी जागेवर आणता येते. खालच्या बिजागरीजवळ, पल्ला आणि चौकट यांच्या फटीत, प्लायवूडची पातळ पट्टी धरून पल्ला हलकेच बंद करण्याच्या दिशेने दाबला, की ती बिजागरी जराशी बाहेर येते आणि झुकलेली मोकळी कड वर उचलली जाते. दाब थोडाच द्यायचा आणि दर वेळी फट पाहायची. वर दाबल्यास झोक वाढेल. जोर लागतोय असे वाटले की थांबावे, कारण पुढे बिजागरी वाकत नाही, पत्रा सुरकुततो. सुटलेला टाका मात्र घरचे काम नव्हे. इतक्या पातळ पत्र्याला साधे वेल्डिंग भोक पाडते आणि ठिणग्यांनी कपडे, कागद व आरसा धोक्यात येतात. कपाट रिकामे करून फॅब्रिकेटरकडून छोटे-छोटे टाके मारून घेणे स्वस्त पडते. पिन झिजली असेल तर तीच बदलायला सांगावी. त्यावर वेल्डिंगचा थर चढवून घेतलेली बिजागरी काही महिन्यांत कर्कश वाजू लागते.

पल्ले सरळ झाले तरी मूठ शेवटी अडत असेल, तर दांड्याचे टोक कुठे टेकते हे पाहावे लागते. त्यासाठी टोकाला ओला खडू किंवा कुंकू लावायचे, पल्ला लावून मूठ फिरवायची आणि पुन्हा उघडून चौकटीवरचा डाग पाहायचा. डाग भोकाच्या कडेवर, मिलिमीटर-दीड मिलिमीटर बाजूला असेल, तर कानशीने कड थोडी घासून काम भागते. त्याहून जास्त अंतर असेल तर भोक वाढवू नये. दांडा वाकला असण्याची शक्यता अधिक, आणि वाढवलेल्या भोकात दांडा खुळखुळतो. मुठीमागचे झाकण स्क्रू काढून उघडले की दांडे दिसतात. दांडा चकतीपासून सोडवून सपाट फरशीवर लोळवला, की वाकलेली जागा उघड होते. लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हातोडीने ती हलक्या ठोक्यांनी सरळ करावी. झाकण उघडलेच आहे तर मुठीचा स्क्रूही तपासावा. तो ढिला असेल तर मूठ पूर्ण फिरल्यासारखी वाटते, पण चकती मागे राहते आणि दांडे अर्ध्यावर थांबतात.

आता राहिले कुलूप. मूठ शेवटपर्यंत गेल्यावरही किल्ली फिरत नसेल, तर मूठ दोन बोटांनी बंद होण्याच्या दिशेला दाबून धरत किल्ली फिरवून पाहावी. तेवढ्याने फिरली तर चकती अजूनही केसभर कमी पडते आहे. नाही फिरली तर दुसरी किल्ली वापरून पाहावी. झिजलेल्या किल्लीवरून बनवलेली किल्ली तिची झीजही उचलते, म्हणून नवी बनवायची तर कधीही न वापरलेल्या मूळ जोडीवरून बनवावी. कुलपात तेलापेक्षा ग्रॅफाइटची कोरडी पूड चांगली. मऊ पेन्सिलीचे शिसे खरवडून किल्लीला चोळले तरी चालते. खोबरेल तर अजिबात नको. ते धूळ धरतेच, शिवाय २४-२५ अंशांच्या खाली गोठते, त्यामुळे दिवाळीनंतर कुलूप हमखास जड होते.

बंद कपाट उघडेनासे झाले, तर फटीत पहार घालण्याचा मोह टाळावा. वाकलेली कड पुन्हा सरळ बसत नाही. एकाने मुठीचा पल्ला आत दाबून खालून किंचित उचलावा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी मूठ फिरवावी. दांड्यावरचा ताण सुटला की ती बहुधा फिरते. किल्लीला पकड लावून पिळू नये, कारण तुटलेला तुकडा आत राहिला तर चावीवाल्यालाही आधी तोच काढत बसावा लागतो. कुलूप बदलायचेच ठरले तर जुने काढून दुकानात न्यावे आणि त्याची भोके, दांडीची जाडी व किल्ली फिरण्याची दिशा जुळवून नवे घ्यावे. नव्या किल्लीवर क्रमांक असेल तर तो कपाटाबाहेर कुठेतरी लिहून ठेवावा.