तेरा टनांचा पोकळ गोळा

२३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे पॅसिफिक महासागरातल्या मारियाना गर्तेच्या तळाला, जवळजवळ ११ किलोमीटर खोल जाऊन आले. ‘त्रिएस्ते’ या त्यांच्या पाणबुडीचा मोठा भाग म्हणजे पेट्रोलने भरलेली लांबलचक टाकी. माणसं बसली होती ती तिच्या पोटाखाली टांगलेल्या पोलादी गोळ्यात. तळाशी दर चौरस सेंटिमीटरवर एक टनाहून जास्त दाब होता. हा गोळा जर्मनीत क्रुप कंपनीने घडवला होता. त्याचा बाहेरचा व्यास २.१६ मीटर आणि भिंतीची जाडी १२.७ सेंटिमीटर. एवढ्या दोन आकड्यांवरून त्यात पोलाद किती लागलं असेल, हे वहीच्या अर्ध्या पानात काढता येतं.

पूर्ण भरीव गोळ्याचं घनफळ काढायचं आणि त्यातून आतल्या पोकळीचं वजा करायचं. उरतो तो धातू. बाहेरची त्रिज्या R आणि आतली r धरली, तर सूत्र असं:

V = (4/3) × π × (R³ − r³)

व्यासाचं निम्मं केलं की R = १.०८ मीटर. त्यातून जाडी ०.१२७ वजा केली की r = ०.९५३ मीटर. जाडी व्यासातून वजा करायची असेल तर ती दोनदा करावी लागते, कारण भिंत दोन्ही बाजूंना असते. घाईत इथे हमखास घोटाळा होतो. आता घन करू. १.०८ चा घन १.२५९७ आणि ०.९५३ चा ०.८६५५. फरक ०.३९४२. त्याला ४/३ π ने, म्हणजे ४.१८८८ ने गुणलं की १.६५ घनमीटर पोलाद. एक घनमीटर पोलाद साधारण ७.८५ टन भरतं, म्हणजे गोळा झाला सुमारे १३ टनांचा. या गोळ्याचं हवेतलं वजन १३ टनच नोंदवलेलं आहे. खिडकी-दरवाजाची भोकं आणि आतलं सामान आपण हिशेबात धरलेलं नाही, तरी उत्तर जुळतं.

परीक्षेत मुलं ज्या चुकीवर मार्क घालवतात ती म्हणजे आधी वजाबाकी आणि मग घन. ०.१२७ चा घन करून पुढे गेलात तर पोलाद निघतं जेमतेम साडेआठ लिटर, वजन ६७ किलो. भिंतीएवढी, म्हणजे १२.७ सेंटिमीटर, त्रिज्या असलेल्या भरीव गोळीचं ते वजन आहे, दोन माणसं पोटात घेणाऱ्या गोळ्याचं नव्हे.

उत्तर ताडून पाहायला दुसरा रस्ताही आहे: कवच उलगडून सपाट पत्रा केल्याची कल्पना करायची आणि पृष्ठफळाला जाडीने गुणायचं. पण पृष्ठफळ कोणतं घ्यायचं? बाहेरचं घेतलं तर वजन १४.६ टन येतं, आतलं घेतलं तर ११.४. दोन्ही त्रिज्यांची सरासरी, १.०१६५ मीटर, घेतली की १.६४९ घनमीटर मिळतं आणि खऱ्या उत्तराशी फरक राहतो फक्त १७ किलोंचा. हा फरक नेमका π × जाडीचा घन ÷ ३ एवढा असतो, त्यामुळे पातळ भिंतीच्या गोळ्याला हा सोपा रस्ता बिनधास्त वापरावा.

जपायचं ते मापाला. आपण दोन मोठ्या, जवळजवळच्या संख्यांची वजाबाकी करतो, त्यामुळे मापातली बारीक चूक उत्तरात फुगून दिसते. इथे ०.९५३ ऐवजी सोयीसाठी ०.९५ लिहिलं, म्हणजे अवघे ३ मिलिमीटर सोडले, तर गोळा कागदावर पावणेतीनशे किलोंनी जड होतो. घन पूर्ण ठेवावेत आणि आकडे शेवटी एकदाच छाटावेत, ते याचसाठी.

धातूला दोन्ही त्रिज्या लागतात, पण गोळा पाणी किती बाजूला सारतो हे एकटी बाहेरची त्रिज्या ठरवते. ४.१८८८ × १.२५९७ म्हणजे ५.२८ घनमीटर, समुद्राचं पाणी साधारण ५.४ टन. १३ मधून तेवढं वजा जाता गोळा पाण्यातही साडेसात टनांच्या आसपास जडच राहतो. आपल्या जोरावर तो तरंगणं शक्यच नव्हतं. पेट्रोल पाण्याहून हलकं, आणि त्याचा एक घनमीटर साधारण ३२५ किलो उचलून धरतो. म्हणजे नुसता हा गोळा पेलायलाच सुमारे २३ घनमीटर पेट्रोल हवं. टाकीचं स्वतःचं लोखंड आणि खाली जाण्यासाठी भरलेले लोखंडी छरे धरून ‘त्रिएस्ते’ने नेलं ते याच्या तिपटीहून जास्त, सुमारे ८५ घनमीटर.